माडीवरचं कपाट आणि पाण्याची रेघ

भाचीचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या गावभागातल्या माझ्या कामाच्या खोलीत एका झोपाळ्याच्या कड्या घासत बसलो होतो. "मामा, चार फोटो टाकलेत, जरा बघा ना. सातारला हायवेच्या कडेला एक दुकान आहे, तिथलं आहे. दुकानदार म्हणतो पेशवेकालीन आहे, वाईच्या एका वाड्यातलं. माडीवरच्या खोलीत होतं म्हणे, दोनशे वर्षं जागचं हललेलं नाही. एक लाख साठ हजार सांगतोय."

फोटो पाहिले. खणांचं कपाट होतं. वर दोन छोटे खण शेजारी शेजारी, खाली पूर्ण रुंदीचे तीन मोठे. पितळी कड्या, प्रत्येक खणाला कुलपाचं भोक, गडद तपकिरी चकचकीत पॉलिश. माथ्यावर मागच्या बाजूला कमळ आणि वेलबुट्टी कोरलेली एक उभी पट्टी. चारही फोटो समोरून, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली काढलेले. असे फोटो पाहून लग्न ठरवतात तसं कपाट घेता येत नाही. समोरची बाजू ही लोकांना दाखवायची बाजू असते. ती घासली जाते, रंगवली जाते, तिच्या कड्या बदलतात. वय लपलेलं असतं ते पाठीला, तळाला आणि खणाच्या पोटात.

एक गोष्ट मात्र या चार फोटोंवरूनही बोलता आली. पेशवाई १८१८ साली संपली. त्या काळच्या वाड्यात सामान ठेवायला भिंतीतली फडताळं होती, कोनाडे होते, पेटारे आणि संदुका होत्या. बसायला पाट, चौरंग, बैठक. ओढून काढायच्या मोठ्या खणांचं, जमिनीवर पाय टेकवून भिंतीला लावायचं कपाट ही साहेबाच्या घरातली वस्तू. आपल्या भागात ती आली ती साताऱ्याची छावणी, १८२८ नंतर वसलेलं महाबळेश्वर आणि पुढे पाचगणीचे बंगले, शाळा यांच्यामागून. तिथल्या वस्तू पाहून गावातले सुतार तशाच घडवायला लागले. त्यामुळे 'पेशवेकालीन' हा शब्द या आकारालाच शोभत नव्हता. पण दुकानदाराचा शब्द चुकीचा म्हणून कपाट खोटं ठरत नाही. शंभर वर्षांचं चांगलं सागवानी कपाट हीसुद्धा घेण्यासारखी वस्तू आहे. प्रश्न एवढाच, की ते खरोखर किती जुनं आणि त्यातलं किती त्याचं स्वतःचं.

भाचीची जाऊ साताऱ्यात राहते. तिला दुकानात पाठवून कोणते फोटो काढायचे ते मी सांगितलं. प्रत्येक खण पूर्ण बाहेर काढून उलटा ठेवायचा आणि तळाचा फोटो घ्यायचा. खणाचा पुढचा कोपरा बाजूने, जवळून. खण काढलेल्या रिकाम्या पोटाचा. ज्या पट्ट्यांवर खण सरकतात त्यांचा. भिंतीपासून ओढून पाठीचा. एक कडी सोडवून तिच्या खालच्या जागेचा. कुलपाचा एक स्क्रू काढून तो पट्टीशेजारी ठेवून. आणि जमिनीला टेकणाऱ्या पायांच्या तळव्यांचा. जमेल तिथे शाळेतली प्लास्टिकची पट्टी लाकडाला चिकटवून धरायची, नाहीतर फोटोत तीन मिलिमीटर आणि तीस मिलिमीटर सारखेच दिसतात.

सर्वात महत्त्वाची सूचना उजेडाची. फ्लॅश बंद करायचा. फ्लॅश समोरून पडतो आणि लाकडावरचे सगळे चढउतार पुसून टाकतो. दुसऱ्या कोणाकडे टॉर्च देऊन तो फळीला जवळजवळ टेकवून, आडवा धरायचा, म्हणजे केसाएवढ्या उंचवट्याचीही सावली पडते. उन्हं कलल्यावर शेतातले वाफे कसे उठून दिसतात, तसंच. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, कारण एरवी ते दाबले जाऊन लहान होतात आणि आपल्याला हव्या असलेल्या बारीक रेघा पहिल्यांदा जातात. दुकानदाराने कुरकुर केली, पण करू दिलं. स्क्रू काढू द्यायला जो नकार देतो त्याच्याकडून मी सहसा काही घेत नाही.

तेवीस फोटो आले. मी आधी खणांचे कोपरे पाहिले, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. खणाची पुढची फळी आणि बाजूची फळी एकमेकींत डव्हटेल सांध्याने अडकवलेल्या होत्या, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे पसरत जाणारे दाते. दाते एकसारखे नव्हते. एक अठरा मिलिमीटरचा, शेजारचा एकवीसचा. आखणीची बारीक रेघ अजून दिसत होती आणि आतल्या बाजूला करवत त्या रेघेच्या थोडी पुढे गेलेली. म्हणजे काम हाताचं. यंत्राने काढलेले दाते मापाला सारखे असतात आणि त्यांच्यातलं अंतरही. इंग्रजी पुस्तकं वाचून आलेली मंडळी इथे लगेच 'हाताचं काम म्हणजे एकोणिसावं शतक' असं म्हणून मोकळी होतात. त्यांच्याकडे ते बऱ्याच अंशी खरं आहे, कारण तिथल्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यंत्राचे सांधे आले. आपल्याकडे सुतार हा सांधा हाताने १९५० मध्येही काढत होता, १९८० मध्येही, आणि मिरजेत माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आजही काढतात. त्यामुळे आपल्या भागातल्या वस्तूत हाताचे दाते हा वयाचा पुरावा नाही. कारागीर बरा होता एवढंच त्यातून कळतं.

मग तळ पाहिले. इथे मी चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खणाचा तळ आतून सामानाखाली झाकलेला आणि बाहेरून कोणालाच न दिसणारा, म्हणून सुतार तो गुळगुळीत करण्यात वेळ घालवत नाही. करवतीच्या खुणा तिथे राहून जातात. हाताने चिरलेल्या लाकडावर, म्हणजे ओंडका खड्ड्यावर टाकून एक जण वर आणि एक खाली उभा राहून मोठी करवत ओढत असे त्या लाकडावर, रेघा सरळ असतात पण त्यांचं अंतर कमीजास्त असतं, आणि दमल्यावर हात बदलला की रेघांचा कल बदलतो. पट्ट्याच्या यंत्रकरवतीच्या रेघाही सरळ असतात, पण त्या फणीने ओढल्यासारख्या सारख्या अंतरावर. गोल चकतीच्या करवतीच्या रेघा मात्र कमानदार. तिसऱ्या, म्हणजे सर्वात खालच्या मोठ्या खणाच्या तळावर टॉर्चच्या आडव्या उजेडात सुरेख कमानी उठल्या होत्या.

कमानीवरून चकती केवढी होती ते काढता येतं. फोटोत पट्टी होतीच. कमानीच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर मी २०० मिलिमीटर धरलं. त्या सरळ रेषेच्या मध्यापासून कमानीचा फुगवटा भरला ११ मिलिमीटर. निम्म्या अंतराचा वर्ग अधिक फुगवट्याचा वर्ग, भागिले फुगवट्याची दुप्पट. म्हणजे दहा हजार अधिक एकशे एकवीस, भागिले बावीस. त्रिज्या आली ४६० मिलिमीटर, व्यास ९२० मिलिमीटर, छत्तीस इंचांच्या जवळ. फुगवटा मोजताना एक मिलिमीटर चुकला तर व्यास तीन-साडेतीन इंचांनी हलतो, तेव्हा छत्तीस हा आकडा छातीठोक नाही. पण ही लाकूड चिरायच्या गिरणीतली मोठी चकती होती, दुकानातली छोटी नव्हे, एवढं नक्की.

चकतीच्या करवतीचं पेटंट इंग्लंडात १७७७ चं. ती गिरण्यांत सर्रास झाली ती पुढच्या शतकाच्या मध्याला. आपल्या लहान गावांत यंत्रावर चालणारी लाकडाची गिरणी आली ती त्याच्याही नंतर. मी भाचीला फोन करून सांगितलं, "लाकूड गिरणीत चिरलंय. विसाव्या शतकातलं समज. १९२० च्या आधीचं मला वाटत नाही." तिने विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "तळच सांगतोय."

रात्री जेवण झाल्यावर बाकीचे फोटो निवांत पाहायला घेतले, तेव्हा सरकपट्ट्यांचा फोटो समोर आला आणि माझं सांगणं डळमळलं.

लाकडी खण लाकडी पट्टीवर घासत पुढे येतो. तो ओढून काढला की वजनाने पुढे झुकतो, सगळा भार पट्टीच्या पुढच्या टोकावर येतो, आणि त्या टोकावरून खणाच्या बाजूची फळी मागच्या भागापर्यंत घासत जाते. म्हणून वर्षानुवर्षं वापरलेल्या कपाटात पट्टी पुढच्या टोकाला जास्त झिजलेली सापडते आणि खणाच्या बाजूच्या फळीची खालची कड मागच्या बाजूला. दोन्ही झिजा एकमेकींच्या जोडीदार असतात. पट्टीत चर पडला असेल तर त्यात बसणारी कडही तेवढी खाल्लेली हवी. ही जोडी नकली करायला फार अवघड आहे, कारण कानशीने घासलेली कड एकसारखी आणि खरबरीत दिसते. वापराने झिजलेली कड बाहेरच्या अंगाला थोडी गोल होते आणि तिला मेणासारखी चमक येते.

वरच्या चार खणांची जोडी जुळत होती. दुसऱ्या मोठ्या खणाच्या पट्टीत पुढे साधारण चार मिलिमीटरचा चर होता आणि त्या खणाची कड मागे तेवढीच उतरलेली. सर्वात खालच्या खणाच्या पट्टीतही चार मिलिमीटरचा चर होता, पण त्या खणाची कड जवळजवळ सरळ, धार शाबूत. चार मिलिमीटर झिजलेल्या पट्टीवर न झिजलेला खण बसला होता.

म्हणजे तो खण त्या कपाटाचा मूळचा नव्हताच. आणि माझ्या चकतीच्या कमानी नेमक्या त्याच खणाच्या तळावर होत्या. मी छत्तीस इंचांचा हिशेब मांडून बदली खणाचं वय काढलं होतं. परत जाऊन बाकीचे चार तळ पाहिले. त्यांच्यावर कमानी नव्हत्याच. रंध्याच्या उथळ, लांब लाटा होत्या, बोट फिरवलं असतं तर पाण्यावरच्या तरंगासारख्या लागल्या असत्या. दुसऱ्या मोठ्या खणाच्या कोपऱ्यात, रंधा पोचला नव्हता तिथे, हाताच्या करवतीच्या तिरक्या रेघा उरल्या होत्या.

कोणतीही खूण वाचण्याआधी ती ज्या तुकड्यावर आहे तो तुकडा मूळचा आहे का, हे विचारायला हवं होतं. हे मला तीस वर्षं माहीत आहे. तरी सुंदर कमानी दिसल्या आणि मी हिशेबात रमलो. भाचीला दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला. "कालचं मागे घेतो." ती हसली. "म्हणजे दोनशे वर्षं?" "तेही नाही. थांब जरा."

आता हाताने चिरलेल्या तळावरून काय कळतं? जवळजवळ काही नाही. खेडोपाडी ओंडके हाताने चिरणं स्वातंत्र्यानंतरही चालू होतं. यंत्राची खूण एक तळरेषा आखून देते, त्याच्या आधीची वस्तू नाही असं ती ठामपणे म्हणते. हाताच्या खुणेला तसं काही म्हणता येत नाही. म्हणून वय ठरवायचं तर मूळच्या तुकड्यांवरची सर्वात तरुण वस्तू शोधायची. ती बहुधा लोखंड-पितळेची निघते.

वरच्या डाव्या खणाचं कुलूप पाहिलं. लाकडात कुलपासाठी कोरलेली खाच कुलपाला अगदी नेमकी बसत होती. शेजारी बुजवलेली भोकं नाहीत, मोठ्या कुलपाची जुनी सावली नाही. हे कुलूप पहिल्या दिवसापासूनचं. त्याचा काढलेला स्क्रू पट्टीशेजारी ठेवला होता. टोक अणकुचीदार, आटे सारखे, डोक्यावरची खाच बरोबर मध्यावर. जुने स्क्रू, साधारण १८४६ च्या आधीचे, टोकाला बोथट असत. आधी गिरमिटाने भोक पाडल्याशिवाय ते जात नसत. आणि कानशीने हाताने पाडलेली त्यांची खाच बऱ्याचदा मध्यापासून सरकलेली असे. टोकदार स्क्रू यंत्रावर करण्याचं अमेरिकी पेटंट १८४६ चं, आणि १८५४ पासून ते बर्मिंगहॅमच्या कारखान्यात मोठ्या संख्येने बनायला लागले. आपल्याकडे विलायती स्क्रू तिथूनच यायचे. म्हणजे पेशवाई या एका स्क्रूने संपली. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकातले, आपल्या घरांत आले ते त्याच्याही बऱ्याच नंतर. तसा एकही स्क्रू मूळच्या भागात नव्हता.

त्याहून जवळचं सांगणारी गोष्ट होती तळाचे खिळे. मूळच्या खणांच्या तळाची फळी मागच्या बाजूला तीन खिळ्यांनी ठोकलेली होती. जावेने एका सैल खिळ्याला पक्कड लावून अर्धा वर काढला होता (मी सांगितलं नव्हतं, पण बरं केलं). खिळा गोल, तारेचा, डोक्याखाली पकडीचे बारीक आडवे ओरखडे. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी आणि निमुळता असतो, पत्र्यातून कापलेल्या खिळ्याच्या दोन बाजू समांतर आणि दोन निमुळत्या. तारेचा गोल खिळा बाजारात पसरला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. आणि हा खिळा मूळचाच होता याची खात्री फळीने दिली. फळी आक्रसल्यामुळे पुढच्या खाचेतून जवळजवळ तीन मिलिमीटर मागे सरकली होती, खिळ्याशी मात्र घट्ट होती, आणि आजूबाजूला दुसरं एकही भोक नव्हतं. नंतर ठोकलेला असता तर पहिल्या खिळ्याचं भोक राहिलं असतं.

तर खालची मर्यादा १८९० च्या आसपास. वरची मर्यादा, म्हणजे 'यानंतरचं नाही' हे सांगणं, नेहमीच कच्चं असतं, कारण जुन्या पद्धतीने काम करायला सुताराला कोणी मनाई केलेली नसते. तरी काही गोष्टी एका बाजूला ओढत होत्या. पोटात सांध्यांच्या कोपऱ्याला चिकटवलेले छोटे ठोकळे होते आणि त्यांच्या कडेला तपकिरी, काचेसारखा तडकलेला सरस. पांढरा डिंक कुठेच नव्हता. आपल्याकडच्या सुताराने सरसाचं भांडं बाजूला ठेवून फेव्हिकॉलचा डबा हातात घेतला तो १९५९ नंतर. सरकपट्टीत चार मिलिमीटर चर पडायलाही काही दशकं रोजचा वापर लागतो. माझा अंदाज १९०० ते १९४०. याहून बारीक आकडा फोटोवरून सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

बाकी काय काय नवं होतं, ते एकेक करून सुटत गेलं. पितळी कड्या नव्या. एक कडी सोडवली तेव्हा तिच्या पत्र्याखालचं पॉलिश आजूबाजूसारखंच गडद आणि चकचकीत निघालं. कडी आधीपासून तिथे असती तर पत्र्याखाली तिच्या आकाराचा न पॉलिश झालेला, वेगळ्या रंगाचा डाग असता. उलट दोन कड्यांच्या जागांच्या मधोमध, पॉलिशच्या खाली, एक गोल फिकट छटा होती आणि आतल्या बाजूला बुजवलेलं बोटभर जाडीचं भोक. मूळची लाकडी गोल मूठ होती, प्रत्येक खणाला दोन. नव्या कडीच्या नटाची रुंदी पट्टीवर ७ मिलिमीटर, म्हणजे एम-४ चा नट, मेट्रिक. आपल्याकडे मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. कड्या अर्थात त्याहूनही कितीतरी अलीकडच्या असाव्यात. कड्या बदलणं गुन्हा नाही, पण त्या जुन्या म्हणून दाखवल्या जात होत्या.

पाठ प्लायवुडची. तिला काळा रंग फासून मोठ्या डोक्याचे खिळे मारले होते, लांबून लोहारी वाटावेत असे. प्लायच्या कडेला थरांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या आणि कपाटाच्या मागच्या खाचेत जुन्या खिळ्यांची भोकं होती, जी नव्या खिळ्यांशी जुळत नव्हती. मूळची फळ्यांची पाठ गेलेली. पायही नवे, तळवे पांढरट, झिजेशिवाय. शंभर वर्षं फरशीवर ओढलेल्या पायाच्या कडा गोल होतात आणि तळवा मळून काळा पडतो.

माथ्यावरची नक्षीची पट्टी वेगळीच गोष्ट सांगत होती. समोरून ती सगळ्यात जुनी दिसत होती आणि तीच खरी जुनी निघाली, फक्त या कपाटाची नव्हे. तिच्या मागच्या बाजूला किडीची नळीसारखी पोखरणं उघडी, लांबट पन्हळीसारखी दिसत होती. किड्याची अळी लाकडात आतल्या आत नळी कोरते आणि किडा होऊन बाहेर पडताना भोक पाडते. बाहेर दिसतं ते टाचणीएवढं गोल भोक. नळी अर्धी चिरलेली दिसली की समजायचं, आधी कीड लागली आणि नंतर कोणीतरी ते लाकूड चिरलं. कीडही एका कडेलाच होती, पांढरट भागात, कारण सागाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही. शिवाय मागे एका टोकाला खोल चौकोनी भोक लाकडाचा तुकडा घालून बुजवलेलं होतं. दुसऱ्या लाकडाचं कुसू बसण्याची ती जागा. ही पट्टी कोणत्या तरी दाराच्या गणेशपट्टीतून चिरून काढलेली असणार. ती वाईच्या वाड्यातली असू शकते, आणि कदाचित दुकानदाराची गोष्ट तिच्यापासूनच सुरू होऊन सगळ्या कपाटाला चिकटली असावी.

एवढं सगळं जमलं, पण एक गोष्ट सुटत नव्हती. खालचा खण नवा, पाठ नवी, पाय नवे, आणि वरचे चार खण मात्र उत्तम. कपाट असं तळाकडून का मोडेल? वाळवी असती तर बाजूच्या फळ्यांच्या खालच्या टोकाला पोकळ्या दिसल्या असत्या. मी रिकाम्या पोटाचा फोटो मोठा करून पाहिला. डाव्या फळीच्या आतल्या अंगावर, पट्टीवर मोजली तर तळापासून अकरा इंचांवर, एक आडवी रेघ होती. रेघेखालचं लाकूड किंचित राखाडी, वरचं तपकिरी. रेघ जमिनीला समांतर, फळीच्या रेषांना काटकोनात, आणि समोरच्या फळीवर त्याच उंचीला. खालच्या एका सांध्याच्या फटीत पिवळट, वाळून तडकलेली माती.

ज्याने २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत घर धुतलंय त्याला ही रेघ दुसऱ्याने दाखवावी लागत नाही. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि ते उतरल्यावर माझ्याकडे दोन महिने अशीच कपाटं येत होती. खालचा खण फुगून अडकलेला, प्लायच्या किंवा पातळ फळीच्या पाठी सुटलेल्या, पाय सरस विरघळून निखळलेले. सरस पाण्यात सुटतो, म्हणून पाणी पोचलं तिथपर्यंतच सांधे जातात. बुडालेला भाग बदललेला आणि वरचा शाबूत, या सगळ्याला हे एकच कारण पुरत होतं. आणि मला सर्वात आवडलं ते हे, की माडीवर दोनशे वर्षं न हललेल्या कपाटात अकरा इंच पाणी उभं राहत नाही.

इथे मी भाचीला जपून बोलायला सांगितलं. ते पाणी २०१९ चं की २००५ चं की कुठल्या तरी फुटलेल्या टाकीचं, हे रेघेवरून ठरत नाही. कृष्णा वाईहूनही वाहते. मातीला तारीख नसते. दुकानदाराला 'हे सांगलीच्या पुरातलं आहे' असं म्हणणं म्हणजे त्याच्यासारखंच आपणही गोष्ट रचणं. 'हे पाण्यात उभं होतं' एवढंच म्हणायचं.

ती पुढच्या रविवारी नवऱ्यासोबत साताऱ्याला गेली. मी तिला तीनच गोष्टी पाहायला सांगितल्या होत्या, ज्या फोटोत दिसत नाहीत. खालच्या कोपऱ्यात नाक घालून ओल आणि बुरशीचा वास येतो का. मूळचा एक खण आणि बदली खण हातात धरून वजन. आणि नक्षीच्या पट्टीचे स्क्रू सोडवून तिच्याखाली काय आहे ते.

वास नव्हता, लाकूड वाळलेलं होतं. वजनाने मात्र मला दुसऱ्यांदा चूक दाखवली. मूळच्या खणांच्या बाजूच्या फळ्या मी फोटोवरून सागाच्या धरल्या होत्या. हातात त्या हलक्या लागल्या. तिने कडेला नखाने खरवडून दाखवलं तर आत पिवळसर फिकट लाकूड, सागाचा तो चामड्यासारखा वास नाही. बहुधा शिवण. पुढच्या फळ्या आणि बाहेरचं सगळं सागाचं, आतल्या अदृश्य फळ्या हलक्या लाकडाच्या. जुने सुतार पैसे वाचवायला हे नेहमी करत, तेव्हा ते वयाच्या विरोधात जात नाही. पण मळलेल्या, रंग चढलेल्या लाकडाची जात फोटोवरून सांगू नये, हे मी पुन्हा एकदा शिकलो.

पट्टी सोडवली. तिच्याखाली माथ्याच्या फळीवर पॉलिश सलग होतं, बाकीच्या माथ्याइतकंच चकचकीत आणि त्याच रंगाचं. पट्टीच्या आकाराची फिकट किंवा गडद सावली नव्हती. चार भोकांच्या कडेला ताजा, पिवळा भुसा अडकलेला. पॉलिश आधी झालं होतं आणि पट्टी नंतर बसली होती, तीही फार दिवसांपूर्वी नव्हे.

भाचीने वाद घातला नाही. खालचा खण उलटा करून वरच्या खणाशेजारी ठेवला, दोन्ही कडांवरून दुकानदाराचा अंगठा फिरवून घेतला, आणि अकरा इंचांवरच्या रेघेवर टॉर्च आडवा धरला. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, मी तर एका भंगारवाल्याकडून घेतलंय, वाड्याचं त्यानेच सांगितलं." सौदा पंचेचाळीस हजारांत ठरला. शंभरेक वर्षांच्या, पाण्यातून निघालेल्या, तळ दुरुस्त केलेल्या खणांच्या कपाटाला हा दर मला थोडा चढाच वाटतो, पण वरचे चार खण बोटाने ढकलले तरी सरकतात आणि तिला तेच हवं होतं.

कपाट आता विश्रामबागला तिच्या घरी आहे. पितळी कड्या काढून मी लाकडी मुठी बसवल्या, जुन्या भोकांतच, बुजवलेले तुकडे काढून. पाठ अजून प्लायचीच आहे, फक्त काळा रंग खरवडून टाकला. खालच्या खणाच्या तळावरच्या छत्तीस इंची कमानी तशाच आहेत. नक्षीची पट्टी तिच्या सासूबाईंनी देवघराच्या दारावर लावून घेतली.